योगशिक्षिकेला द्यायचं पत्र: कमरेची गादी सरकली आहे, वर्गात नेमके काय बदल मागायचे?

अजिंक्यतारा४३

साताऱ्यात गोडोलीला सकाळी ६ ते ७ योगवर्ग असतो. पंचवीसेक जण, एकच शिक्षिका. वय ४३. एल५-एस१ ची गादी डावीकडे मागे सरकून नस दबली होती, त्याला आता अकरा आठवडे झाले. ऑपरेशन लागलं नाही. पोटरीतली कळ गेली आहे. उरलंय ते असं: डाव्या पावलाच्या करंगळीकडच्या कडेला थोडी बधिरता, वीस मिनिटांच्या वर मांडी घालून बसलं की कंबर धरते, आणि गुडघे ताठ ठेवून वाकलं की डाव्या मांडीच्या मागे ओढ बसते. डॉक्टर म्हणाले, "योगा सुरू करायला हरकत नाही, फक्त शिक्षकांना सांगून करा." काय सांगायचं ते विचारायचं राहून गेलं. पत्र लिहिलंय, बघा बरं:

"आदरणीय ताई, सा. न. वि. वि. मला मणक्याचा त्रास आहे. एमआरआय रिपोर्टमध्ये एल५-एस१ ला लेफ्ट पॅरासेंट्रल डिस्क प्रोट्रूजन, थीकल सॅकवर इंडेंटेशन, लेफ्ट एस१ नर्व्ह रूट कॉम्प्रेशन, तसेच एल४-एल५ ला माइल्ड डिफ्यूज बल्ज असे आले आहे. तरी मला झेपतील तेवढीच आसने सांगावीत व काळजी घ्यावी ही विनंती. रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कळावे."

एवढं पुरे की अजून काही लागेल?

बापू_कोरेगाव

पत्रबित्र कशाला? साधा नियम आहे. पुढे वाकायचं आयुष्यभर बंद, मागे वाकायचं रोज. भुजंगासन, शलभासन, धनुरासन. गादी पुढे वाकून मागे सरकते, मागे वाकलं की जागेवर येते. नमस्कार सोडा, भुजंगासन धरा.

मिरजेची_फिजिओ

बापूंचं निम्मं बरोबर आहे, उरलेल्या निम्म्याकडे नंतर येते. आधी पत्राचं.

दादा, या पत्रातलं एकही वाक्य शिक्षिकेला उद्या सकाळी सहा वाजता काय वेगळं करायचं ते सांगत नाही. रिपोर्टमधले शब्द डॉक्टरांसाठी असतात. कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही "बल्ज" लिहून येतं, त्यामुळे एल४-एल५ च्या ओळीने तर ती उगाच घाबरेल. झेरॉक्स जोडू नका.

आणि "झेपतील तेवढीच" हा शब्द आधी काढा. पाठीच्या स्नायूवर ताण आला तर तो तिथल्या तिथे दुखतो. गादीचं तसं नाही. वर्गात छान वाटतं, आणि दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना पायात कळ येते. त्या क्षणी झेपतंय की नाही हे तुम्हालाच कळणार नाही, तर तिला कुठून कळणार?

गादी म्हणजे बाहेरून काथ्यासारख्या चिवट धाग्यांचे थर आणि आत मऊ गर. कंबर गोल करून पुढे वाकलं की दोन मणक्यांची पुढची बाजू जवळ येते, मागची उघडते. गर मागे रेटला जातो आणि मागचे धागे ताणले जातात. तुमचे धागे डावीकडे मागेच फाटलेत. वाकण्यात पीळ मिसळला, म्हणजे वाकलेल्या कमरेने वळलं, तर त्याच कोपऱ्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. म्हणून पत्रात आसनांची जंत्री देण्यापेक्षा हालचाल लिहा: "कंबर गोल करून पुढे वाकणे, आणि वाकून पीळ देणे." हे कळलं की यादीत नसलेलं आसन आलं तरी ती ओळखेल.

आता वेळेचं. तुम्ही उठता किती वाजता?

अजिंक्यतारा४३

साडेपाच. पाच मिनिटं गाडीवर. सहाला प्रार्थना, सहा-दहाला सूर्यनमस्कार. बारा घालतात.

मिरजेची_फिजिओ

मग पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच होणार.

रात्रभर आडवं पडल्यावर गादीवरचं वजन उतरतं आणि ती पाणी शोषून फुगते. सकाळी माणूस सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो. उभं राहिलं, चाललं की हे पाणी दाबाने बाहेर पडतं, आणि कमी होणाऱ्या उंचीतली जवळजवळ निम्मी पहिल्या तासातच कमी होते. गादी टम्म फुगलेली असताना जेवढं वाकाल, तेवढ्याच वाकण्याला मागच्या धाग्यांवर दुपारपेक्षा बराच जास्त ताण येतो. सकाळी मोजे घालताना किंवा बेसिनवर तोंड धुताना कंबर धरते ती म्हणूनच.

आता मोजा. एका नमस्कारात पादहस्तासन दोनदा येतं, जाताना आणि येताना. बारा नमस्कार म्हणजे चोवीस वेळा पूर्ण वाकणं, तेही उठल्यापासून तासाभराच्या आत. शिवाय अश्वसंचालनातून पाय पुढे घेताना तो हातांच्या मध्ये पोचत नाही, म्हणून लोक कंबर गोल करून ओढतात. ते वेगळंच.

संध्याकाळची बॅच असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

वाईकर

चांगला धागा. माझी मानेची आहे, सी५-सी६. उजव्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. सर्वांगासन चालेल का? आणि हलासन?

मिरजेची_फिजिओ

वाईकर, तुम्ही दोन्ही करू नका. त्यात मान पूर्ण पुढे वाकते आणि वर अंगाचं वजन येतं. पण मानेचं गणित निराळं आहे, हात तपासल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. वेगळा धागा काढा, इथलं कमरेचं वाचून मानेला लावू नका.

सहाची_बॅच

मी वर्ग घेते, म्हणून पत्र घेणाऱ्या बाजूने लिहिते.

पंचवीस जण समोर असले की मी पुढे करून दाखवत असते, मागची रांग मला धड दिसत नाही. रात्री व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज आला तर मी "ओके" लिहिते आणि सकाळी तो डोक्यात नसतो. खरं सांगते, वाईट वाटून घेऊ नका. पत्र अर्ध्या पानात बसवा, कागदावर द्या, हातात द्या. वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं मागून घ्या आणि तेव्हाच तुमचे पर्याय तिच्यासमोर एकदा करून दाखवा. नुसतं वाचलं तर दोन दिवसांत विसरते, डोळ्यांनी पाहिलं तर राहतं.

दुसरं, "हे चालत नाही, ते चालत नाही" एवढंच लिहिलंत तर शिक्षिकेला वाटतं, मग हा माणूस तासभर करणार काय? प्रत्येक "नको"च्या पुढे "त्याऐवजी मी हे करेन" लिहा. पर्याय शोधायचं काम तिच्यावर टाकू नका. बऱ्याच शिक्षकांना गादीच्या त्रासाची नीट माहिती नसते, ते बिचारे अंदाजाने काहीतरी सांगतात, आणि तिथेच घोळ होतो.

तिसरं, नमस्कारांबद्दल जपून लिहा. औंध आपल्याच जिल्ह्यातलं. तिथल्या पंतप्रतिनिधींनी नमस्कार घरोघरी नेले, शाळांतून घालायला लावले. इथल्या शिक्षकांना "नमस्कार बंद" हे वाचायला जड जातं, आणि मग "हळूहळू घाला, काही होत नाही" असा आग्रह सुरू होतो. त्यापेक्षा "मी माझे नमस्कार भिंतीशी घालेन" असं लिहा. वर्गाच्या लयीत राहता, आणि तिलाही मान राहतो.

अजिंक्यतारा४३

भिंतीशी म्हणजे कसे? आणि संध्याकाळची बॅच आहे, पण सध्या भरलेली आहे.

सहाची_बॅच

चटई भिंतीलगत टाका, म्हणजे उठून जावं लागत नाही. नमस्कारमुद्रा सगळ्यांबरोबर. हात वर घेताना कंबर फार मागे न मोडता नुसते उंच व्हा. पादहस्तासनाच्या वेळी दोन्ही तळवे भिंतीवर छातीच्या उंचीला टेकवा, दोन पावलं मागे या, गुडघे किंचित सैल सोडा आणि बसल्यासारखे कुल्ले मागे ढकला. धड आपोआप पुढे झुकतं, पण पाठ सपाट राहते. घडी जांघेत पडली पाहिजे, कमरेत नाही. दोन श्वास तिथेच, मग पुढे येऊन सरळ उभे. बाकीचे खाली दंडात, भुजंगासनात असतील तेव्हा तुम्ही भिंतीवर हात ठेवून एक पाय मागे, मग दुसरा मागे. जमिनीवर उतरायचंच नाही.

मिरजेची_फिजिओ

हेच मीही सांगितलं असतं. फक्त पाठ सपाट आहे की नाही ते स्वतःला कळत नाही. सपाट वाटते आणि गोल असते. त्यासाठी घरी झाडूचा लांब दांडा पाठीवर उभा धरा. एक हात मानेमागे, एक कमरेमागे. दांडा तीन ठिकाणी टेकलेला हवा: डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांच्या मधला भाग आणि माकडहाड. कमरेशी दांड्याखाली तळहात सरकेल एवढी पोकळी राहू द्या. आता जांघेतून झुका. ज्या क्षणी माकडहाडाजवळचा दांडा सुटेल किंवा कमरेची पोकळी भरून दांडा चिकटेल, त्याच्या आधीच तुमची मर्यादा संपली. बहुतेकांची ती धड जमिनीला समांतर होण्याच्या बरीच आधी संपते. पत्र देताना हे ताईंसमोर दांड्यासकट करून दाखवा. अर्धा मिनिट लागतो.

आता बापूंकडे. भुजंगासनाने बऱ्याच जणांना बरं वाटतं, तुमच्यासारख्या मागे-बाजूला सरकलेल्या गादीत तर बऱ्याचदा. पण सगळ्यांना नाही. साठीनंतर मणक्यातली नळी अरुंद झाली असेल तर मागे वाकून पाय जड होतात, त्यांना उलट पुढे वाकून बरं वाटतं. त्यामुळे नाव "मणक्याचा त्रास" एकच असलं तरी शेजारच्या चटईवरच्या काकांना तेच लागू होत नाही. आणि "जागेवर येते" हेही तसं नाही. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, सूज उतरते, नस मोकळी होते. तुमची कळ गेली ती बहुधा तशीच.

कसं कळायचं की भुजंगासन लागू पडतंय? दुखणं कुठल्या दिशेने जातं ते बघा. पोटरीतलं मांडीत, मांडीतलं कमरेत, असं वर सरकत असेल तर कमरेत थोडं जास्त दुखलं तरी चालेल. कमरेतलं कमी होऊन पोटरीत किंवा पावलात उतरत असेल तर तिथेच थांबायचं, मग ते आसन कितीही "पाठीसाठी चांगलं" असो. ही ओळ पत्रात घाला, कारण शिक्षक विचारतात "किती दुखतंय?", आणि विचारायला हवं "कुठे दुखतंय?"

सुरुवात पोटावर झोपून कोपरांवर करा. ओटीपोट जमिनीला, कुल्ले सैल, पाच श्वास. आठवडाभर दिशा बरोबर राहिली तरच हातांवर या. धनुरासन सध्या नको.

बापू_कोरेगाव

साठीनंतरचं मला ठाऊक नव्हतं. पण पुढे वाकणं तर कायमचं बंदच ना? मग आमच्या इथल्या एकाला डॉक्टरनेच पवनमुक्तासन का दिलं?

मिरजेची_फिजिओ

त्याचं कारण त्यांना तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण कायमचं बंद, हे नको. वाकायची भीती बसली की माणूस पाठ लाकडासारखी धरून चालतो, स्नायू सतत आवळलेले राहतात आणि त्यानेच वेगळं दुखणं लागतं. मळ्यात काम करणाऱ्या, शेण काढणाऱ्या बाईला मी "आयुष्यभर वाकू नका" सांगितलं तर ती करेल काय? आता नको, सकाळी नको, आणि ताठ गुडघ्यांनी नको. पुढे मार्जारासनातल्या थोड्याशा गोलाईपासून टप्प्याटप्प्याने परत आणायचं. पत्रात मुदत टाका: "पुढचे सहा आठवडे, नंतर पुन्हा बोलू."

मांडीमागच्या ओढीबद्दल मात्र दादांनी नीट वाचा. वर्गात हमखास होणारी चूक ही. ताई म्हणतील, "मांडीमागची शीर आखडली आहे, रोज ताणा, सुटेल." तुमच्या बाबतीत ती बहुधा स्नायूची ओढ नाही, नसेची आहे. नस कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत एकच लांब दोरी. चिडलेली नस ताणली की ती सैल होत नाही, आणखी चिडते.

ओळखायचं असं. उताणे झोपा, डावा पाय सरळ ठेवून कुणाला तरी उचलायला सांगा, ओढ सुरू झाली की थांबवा. पाय तसाच ठेवून आता फक्त पाऊल स्वतःकडे खेचा. ओढ वाढली? पाऊल सोडा, कमी झाली? मग हनुवटी छातीकडे आणून बघा. मांडीमागचा स्नायू ना पावलाला जोडलेला, ना मानेला. पाऊल किंवा मान हलवून मांडीतली ओढ बदलत असेल तर ती नस.

आणि पश्चिमोत्तानासनात काय काय होतं बघा: बसलेलो, कंबर गोल, गुडघा ताठ, पाऊल स्वतःकडे, हनुवटी खाली. नस चिडली आहे का ते बघायला आम्ही बसवून जी तपासणी करतो, ती हुबेहूब हीच. तपासणी म्हणून पाच सेकंद ठीक. आसन म्हणून दोन मिनिटं, वरून पाठीवर कुणाचा हात, हे नको.

सहाची_बॅच

हाताचा विषय निघालाच आहे तर लिहिते. पश्चिमोत्तानासनात पाठीवर हात ठेवून हळूच दाबणं ही आम्हा शिक्षकांची जुनी सवय. वाईट हेतू नसतो. आपलं शरीर आपल्याला आतून थांबवत असतं, बाहेरचा हात ती खूण ओलांडून जातो. पत्रात हे अगदी स्पष्ट लिहा, आडून नको. "कृपया मला हात लावून खाली दाबू नका किंवा वळवू नका. चुकत असेल तर तोंडी सांगा." यात अपमान काही नाही. मला कुणी असं लिहून दिलं तर माझी काळजीच कमी होते.

मांडी घालायचंही लिहा. जांघा आखडलेल्या असतात, त्यामुळे गुडघे वर राहतात आणि कंबर मागे गोल होते. दोन जाड चादरींची घडी करून चार-पाच बोटं उंच आसन करा आणि त्याच्या पुढच्या कडेवर बसा, गुडघे जांघेच्या खाली गेले पाहिजेत. तेही पंधरा मिनिटंच, मग सरळ स्टूल. प्राणायामाला स्टूलवर बसलं म्हणून प्राणायाम काही कमी होत नाही.

कपालभाती मात्र बंद करू नका. स्टूलवर, हलके झटके, मिनिटाला तीस.

मिरजेची_फिजिओ

इथे माझं मत वेगळं. प्रत्येक झटक्याला पोटातला दाब वाढतो, तोच गादीवर येतो. खोकला किंवा शिंक आली की कमरेतून पायात चमक जाते का, हे विचारा. जात असेल तर कपालभाती नको, अनुलोम-विलोम करा.

सहाची_बॅच

चमक जात असेल तर नको, हे मान्य. नसेल जात तर मी देते. हलक्या झटक्याने बिघडलेलं मी पाहिलेलं नाही.

मिरजेची_फिजिओ

मी तरीही सहा आठवडे थांबेन. दादांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

अजिंक्यतारा४३

खोकल्याने आता चमक जात नाही. डॉक्टरांना विचारतो.

दुसरा मसुदा टाकतो. पर्याय इथूनच घेतलेत.

"आदरणीय ताई, सा. न. वि. वि.

माझ्या कमरेची गादी डावीकडे मागे सरकून पायाची नस दबली होती, त्यास अकरा आठवडे झाले. आता बरा आहे. डॉक्टरांनी योगासनांना परवानगी दिली आहे, त्यांची चिठ्ठी दाखवतो. पुढील सहा आठवडे मला दोन हालचाली टाळायच्या आहेत: कंबर गोल करून पुढे वाकणे आणि वाकलेल्या कमरेने पीळ देणे. सकाळी उठल्यावर पहिल्या तासात गादी फुगलेली असते, म्हणून आपल्या वर्गाच्या वेळी हे जास्त जपावे लागते.

नमस्कार मी भिंतीशी घालेन. पश्चिमोत्तानासन, जानुशिरासन, हलासन चालू असताना उताणा झोपून गुडघे दुमडून सेतुबंधासन करेन. वक्रासन व मत्स्येंद्रासनाच्या वेळी स्वस्थ बसेन. भुजंगासन कोपरांवर करेन. नौकासन करणार नाही. मांडी उंच घडीवर घालेन, पंधरा मिनिटांनी स्टूलवर बसेन.

डाव्या मांडीमागची ओढ नसेची आहे, ती ताणायची नाही. कृपया मला हात लावून दाबू किंवा वळवू नका, चुकल्यास तोंडी सांगा. दुखणे पोटरीकडे उतरू लागले तर मी न विचारता थांबून उताणा झोपेन.

सहा आठवड्यांनी पुन्हा भेटून पुढचे ठरवू. आपला,"

मिरजेची_फिजिओ

हे पत्र माझ्या हातात आलं असतं तर मला दुसरा प्रश्न पडला नसता. तीन दुरुस्त्या.

नौकासनाच्या शेजारी "दोन्ही पाय एकत्र सरळ उचलणे" हेही घाला. उत्तानपादासन सोपं समजून देतात, पण दोन्ही ताठ पायांचं वजन उचलताना कमरेवर फार जोर पडतो. त्याऐवजी एक गुडघा दुमडून पाऊल जमिनीवर ठेवा आणि दुसरा पाय वीतभर उचला. डावा उचलताना ओढ लागेल त्याच्या आधीच थांबा.

दुसरं, शवासनातून उठणं. सगळा तास नीट करून लोक इथे चुकतात. "उठा" म्हटलं की दोन्ही हात पुढे फेकून ताडकन उठून बसतात, आणि ढिल्या पडलेल्या पाठीचा अगदी धनुष्यासारखा बाक होतो. गुडघे दुमडायचे, कुशीवर वळायचं, हाताने जमीन ढकलत उठायचं. पत्रात "मला उठायला अर्धा मिनिट जास्त लागेल" एवढं लिहिलं तरी ताई घाई करणार नाहीत.

तिसरं पत्रात नको, तुमच्याजवळ ठेवा. तुमची एस१ ची नस आहे, ती पोटरीला जोर देते. दर रविवारी भिंतीला बोटं लावून आधी उजव्या, मग डाव्या एका पायावर टाच उचला आणि मोजा. उजव्याने वीस आणि डाव्याने बारा होत असतील तर आज बारा लिहून ठेवा. बाराचे चौदा झाले तर उत्तम. बाराचे सहा झाले तर दुखत नसलं तरी वर्ग थांबवून डॉक्टरकडे. कळ कमी आणि जोरही कमी, हे सुधारणेचं लक्षण नाही. लोक इथेच फसतात, दुखत नाही म्हणून आठवडे घालवतात.

आणि लघवी सुरू व्हायला अडचण, किंवा सुटून जाणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल. सकाळची वाट बघायची नाही.

सहाची_बॅच

एक माझीही. "वक्रासनाच्या वेळी स्वस्थ बसेन" असं लिहू नका. स्वस्थ बसलेला माणूस दिसला की आम्ही त्याच्याकडे जातोच. "उभा राहून ताडासन करेन" लिहा, मांडीलाही तेवढीच विश्रांती मिळते.

बापू_कोरेगाव

हे पत्र आमच्या इथल्या त्या माणसाला देऊ का? नाव बदलून?

मिरजेची_फिजिओ

नको बापू. त्याची गादी कुठली, बाजू कुठली, वाकून बरं वाटतं की मागे जाऊन, काहीच माहीत नाही आपल्याला. त्याला पवनमुक्तासन दिलंय याचा अर्थ कदाचित हे पत्र त्याच्या बरोबर उलटं पडेल. पत्राचा साचा घ्या, हालचाली त्याच्या डॉक्टरांकडून लिहून आणा.

अजिंक्यतारा४३

दुरुस्त्या घातल्या. हाताने लिहिलं तर पान भरतंय, म्हणून टाइप करून अर्ध्या पानात बसवतो. आज टाचा मोजल्या: उजवीकडे बावीस, डावीकडे तेरा. भिंतीवर पेन्सिलीने तारखेसकट लिहून ठेवलं.

बॅचचं मात्र अडलंय. संध्याकाळी जागा होईपर्यंत सकाळचीच. पाचला उठून चालत गेलं तर वर्गात पोचेपर्यंत तास भरतो. तेवढ्याने भिंतीशिवाय नमस्कार घालता येतील का?

मिरजेची_फिजिओ

पाचला उठा, चालत जा, गाडीवरचे खड्डेही वाचतील. पण भिंत सोडू नका. तासाने फुगलेली गादी उतरते, फाटलेला धागा तासाने भरत नाही. आणि चालत जाताना बुटाची लेस बांधायची असेल तर पाऊल पायरीवर ठेवून बांधा, पाच वाजता खाली वाकून नको.